वीस गुण आधी खरे करा, मग पन्नासांचं बोला

प्रश्न: मी इंदूरला एका सीबीएसई शाळेत ९वीला विज्ञान शिकवते. मुलांवरचा ताण कमी व्हावा म्हणून व्यवस्थापन वार्षिक परीक्षेचे ८० गुण ५० वर आणून अंतर्गत मूल्यमापन २० वरून ५० करायचं म्हणतंय. पालकांमध्ये दोन तट पडलेत. मागच्या वर्षी अंतर्गत गुण सगळ्यांनाच १७ ते २० च्या मध्ये होते. वर्षभराचं मूल्यमापन जास्त न्याय्य की शेवटची परीक्षा? बैठकीत मी काय सांगू?

उत्तर:

ताई, तुम्ही दिलेल्या माहितीत सगळ्यात कामाचा आहे तो १७ ते २० हा आकडा. दोन्ही पद्धतींच्या बाजूने तासभर बोलता येईल, पण तुमच्या शाळेचा निर्णय त्या आकड्यावर व्हायला हवा. एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्या. १०वीला ८०-२० ही रचना मंडळाने ठरवलेली आहे, तिथे शाळेला हात लावता येत नाही. ९वीला ५०-५० मंडळाच्या चौकटीत बसतं का, हे मुख्याध्यापकांनी लेखी विचारून घ्यावं. बसत असलं तरी यंदा ते करू नये असं माझं मत आहे. त्यामागची कारणं सांगतो.

समजा ४० मुलांचा वर्ग आहे. लेखी परीक्षेत ८० पैकी सर्वांत कमी १८ आणि सर्वांत जास्त ७२ पडले. अंतर्गत गुण १७ ते २०. लेखीत मुलांमधलं अंतर ५४ गुणांचं आहे, अंतर्गतमध्ये ३ गुणांचं. म्हणजे कोण पुढे आणि कोण मागे हे जवळजवळ संपूर्णपणे लेखीच ठरवते. कागदावर अंतर्गतला २० टक्के भार आहे, पण प्रत्यक्षात त्याने सगळ्यांच्या बेरजेत साधारण सारखीच भर घातली आहे.

आता हेच गुण ५०-५० मध्ये बसवू. २० चे ५० करायला अडीचने गुणावं लागतं, तेव्हा अंतर्गतमधलं अंतर साडेसात गुणांचं होतं. लेखीचे ८० चे ५० केले की तिथलं अंतर जवळपास ३४ वर येतं. लेखीचं राज्य अजूनही कायम आहे, पण मध्ये दोन गोष्टी बिघडल्या. पहिली अशी की पूर्वी अंतर्गतचा एक गुण लेखीच्या एका गुणाइतका होता, आता तो लेखीच्या चार गुणांइतका झाला. एका मुलीला लेखीत ५५ आणि अंतर्गत १८, तर दुसरीला लेखीत ४८ आणि अंतर्गत २० आहेत असं धरा. जुन्या पद्धतीत ७३ आणि ६८ झाले. नव्या पद्धतीत पहिलीचे साधारण ७९.४ आणि दुसरीचे ८०. तीन तासांच्या पेपरात सात गुणांनी पुढे असलेली मुलगी फाइलमधल्या दोन गुणांमुळे मागे गेली. ते दोन गुण कशाचे होते, हे कुणालाही सांगता येत नसेल तर हा बदल कुठल्याच अर्थाने न्याय्य नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. अंतर्गत १७ म्हणजे ५० पैकी साडेबेचाळीस. पास व्हायला एकत्रित ३३ लागत असतील तर वार्षिक परीक्षेत कोरी कॉपी देणारा मुलगाही पास होतो. मुलांना हे गणित लवकर कळतं. ताण कमी होईल हे खरं, पण अभ्यासाचं कारणही त्याच्याबरोबर जाईल आणि हाच मुलगा १०वीला ८० गुणांच्या पेपरासमोर बसेल. कधी काळी अंतर्गतचा भार वाढवलाच, तर लेखीत स्वतंत्र किमान गुणांची अट ठेवावीच लागेल.

हे सगळं तुमच्या खऱ्या आकड्यांवर तपासायला दहा मिनिटं पुरतात. एक्सेलच्या B रकान्यात अंतर्गत, C रकान्यात लेखी गुण भरा आणि खाली हे लिहा:

```
=STDEV.P(B2:B41)
=STDEV.P(C2:C41)
=CORREL(B2:B41,C2:C41)
```

पहिली दोन सूत्रं गुणांची पसरण, म्हणजे प्रमाण विचलन देतात. अंतर्गतची पसरण १ च्या आसपास आणि लेखीची १३ च्या आसपास आली, तर वर सांगितलेलीच स्थिती आहे. तिसरं सूत्र दोन्हींचा सहसंबंध देतं. तो ०.९ च्या जवळ असेल तर अंतर्गत मूल्यमापन लेखीचीच पुनरावृत्ती करतंय. शून्याच्या जवळ असेल आणि पसरणही अरुंद असेल, तर ते बहुधा काहीच मोजत नाही. पसरण चांगली आणि सहसंबंध मधला असेल तर अंतर्गतमधून काहीतरी वेगळं कळत असण्याची शक्यता आहे. ते वेगळं काय, हे मात्र फाइली उघडूनच पाहावं लागेल. आकडा ते सांगणार नाही.

इथून सप्रमाणतेचा मुद्दा सुरू होतो. जे मोजायचं ठरवलं तेच मोजलं जातंय का, एवढाच त्याचा अर्थ. लेखी पेपरची मर्यादा विज्ञानात उघड आहे. मुलाला प्रयोग लिहिता येतो, पण करता येतो का हे पेपर सांगत नाही. नेमकं हेच मोजण्यासाठी अंतर्गत गुण ठेवलेले असतात. पण बहुतेक शाळांत त्या गुणांत मोजलं जातं ते फाइलचं कव्हर, अक्षर, वेळेवर जमा करणं, बाजारातून आणलेलं थर्माकोलचं मॉडेल आणि घरी आई-वडिलांपाशी असलेला वेळ. वेळेवर काम देणं चांगलंच, पण ते विज्ञान नव्हे. त्याची नोंद प्रगतिपत्रकात शेऱ्यात करा, गुणांत मिसळू नका.

९वीच्या अभ्यासक्रमातलाच एक प्रयोग घेऊन हे कसं बदलता येतं ते दाखवतो: पाण्यापेक्षा जड घन पदार्थाची घनता काढणे. इंदूरात त्यासाठी दगड शोधायला लांब जावं लागत नाही, माळव्याच्या पठारावरचा काळा बेसाल्ट कुठेही मिळतो. मोजपात्रात सहज उतरतील असे लहान दगड गोळा करा, प्रत्येकावर रंगाने क्रमांक टाका आणि प्रत्येकाची घनता आधी स्वतः काढून ठेवा. प्रत्येक मुलाला वेगळा दगड मिळाला की शेजाऱ्याचं उत्तर उतरवून काही उपयोग होत नाही.

समजा दगडाचं वस्तुमान ८४ ग्रॅम भरलं. मोजपात्रात पाणी ५० मिलिलिटरवर होतं ते ७९ वर चढलं. आकारमान २९, म्हणून घनता साधारण २.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. मोजपात्राची रेघ १ मिलिलिटरची असेल तर दोन वाचनांच्या फरकात एखाद्या मिलिलिटरची चूक सहज होते, आणि २९ मध्ये १ म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त. म्हणून या दगडासाठी २.८ ते ३.० मधलं कुठलंही उत्तर बरोबर धरायला हवं. "२.९० आलं तरच पूर्ण गुण" असं ठरवलं तर आपण मुलाचं कौशल्य सोडून उपकरणाचं नशीब मोजत बसतो. बारीक छिद्रं असलेला बेसाल्ट हलका भरतो, तेव्हा पुस्तकातला आकडा प्रमाण मानू नका, तुमचं स्वतःचं मोजमाप माना.

याचे दहा गुण असे द्या: काटा शून्यावर आहे का पाहून एककासह वस्तुमान नोंदवलं, दोन, पाण्याची पातळी डोळा समान उंचीवर ठेवून दोन्ही वेळा वाचली, दोन, दगड ओला करून, दोऱ्याने हळू सोडला आणि बुडबुडे झटकले, दोन, आकडेमोड, दोन, आणि शेवटी एक तोंडी प्रश्न, दोन. वाचन चुकलं पण पुढची आकडेमोड त्या वाचनाप्रमाणे बरोबर असेल तर आकडेमोडीचे पूर्ण गुण द्या, एकाच चुकीची शिक्षा दोनदा नको. तोंडी प्रश्न असा असू शकतो: बुडबुडे दगडाला चिकटून राहिले असते तर घनता कमी आली असती की जास्त? बुडबुड्यांमुळे आकारमान जास्त दिसतं, म्हणून घनता कमी येते. ज्याने प्रयोग नुसता पाठ केलाय तो इथे अडखळतो. पण पहिल्या गटातून बाहेर पडलेली मुलं प्रश्न फोडतात, म्हणून तोडीस तोड असे तीन-चार प्रश्न तयार ठेवा. आणि मुलाला उत्तर हिंदीत किंवा मराठीत द्यायचं असेल तर देऊ द्या. मोजायचं विज्ञान आहे, इंग्रजी बोलण्याचा सराव मोजायचा नाही.

वेळेचा हिशोब इथे निर्णायक ठरतो. उपकरणांचे आठ संच असतील तर ४० मुलांचे पाच गट होतात. प्रत्येक गटाला १२ मिनिटं धरली तर एक तास, म्हणजे ४० मिनिटांच्या दोन तासिका लागतील. एकाच वेळी आठ मुलांची पातळी वाचताना नजर ठेवणं एका शिक्षिकेला जमणारं नाही, प्रयोगशाळा सहायक किंवा दुसरी शिक्षिका हवीच. तुमच्याकडे तीन तुकड्या असतील आणि मदतनीस नसेल, तर वर्षात असे दोनच प्रयोग नीट करा. चार उरकण्यापेक्षा ते बरं. वर्षभराचं मूल्यमापन किती चांगलं होईल हे शिक्षकाच्या हेतूपेक्षा या उपलब्ध मिनिटांवर जास्त अवलंबून असतं, आणि व्यवस्थापनाशी बोलताना हे स्पष्ट सांगायला हवं.

न्यायाबद्दल दोन्ही तटांचं थोडं थोडं बरोबर आहे. शेवटच्या परीक्षेत एका दिवसाचं नशीब मोठं असतं: ताप, घरातलं आजारपण, न येणाऱ्या धड्यावरचा मोठा प्रश्न. चार वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी घेतली की अशा योगायोगाची चूक साधारण निम्म्यावर येते. वर्षभराच्या मूल्यमापनाचं हे खरं बळ. मात्र हा फायदा चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच मिळतो. चारही चाचण्या एकाच शिक्षिकेने, नाव समोर ठेवून, जूनमध्ये मनात बसलेल्या मतासह तपासल्या, तर तीच चूक चारदा होते. सरासरीने ती कमी होत नाही, उलट चार आकड्यांचा आधार मिळून ती खात्रीची वाटू लागते. गप्प बसणारा मुलगा "सामान्य" आणि हात वर करणारी मुलगी "हुशार" हे मत पहिल्या महिन्यातच तयार होतं. बोर्डाच्या परीक्षेत तपासनीसाला मूल माहीत नसतं आणि तिथे शेवटची परीक्षा सरळ वरचढ ठरते.

शाळेत हा फायदा मिळवायचे उपाय साधे आहेत. चाचणीच्या कॉपीवर नाव लिहू देऊ नका, पहिल्या पानावर फक्त सांकेतिक क्रमांक असावा आणि त्याची यादी ऑफिसात राहावी. तुकड्यांची अदलाबदल करून तपासा, अ तुकडी ब च्या शिक्षिकेकडे. तपासताना एका मुलाचा पूर्ण पेपर पाहण्याऐवजी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं चाला. पहिल्या उत्तराची छाप दुसऱ्यावर पडत नाही आणि कडकपणाही सारखा राहतो. तपासून झालं की ४० पैकी ८ कॉप्या, दोन वरच्या, दोन खालच्या आणि चार मधल्या, दुसऱ्या शिक्षिकेने आधीचे गुण न पाहता पुन्हा तपासाव्यात. २० गुणांच्या चाचणीत फरक एखाद्या गुणाचा असेल तर ठीक. दोन किंवा जास्त गुणांचा फरक वारंवार येत असेल आणि तोही एकाच दिशेने, तर गुणदान तक्त्याचा अर्थ दोघींनी वेगळा लावलाय. आधी तक्ता दुरुस्त करा, मग सगळ्या कॉप्या पुन्हा पाहा. प्रयोगाच्या वेळी मूल समोरच असतं, तिथे नाव लपवता येत नाही. म्हणूनच तिथले निकष "पातळी वाचताना डोळा समान उंचीवर होता की नव्हता" असे हो-नाही प्रकारचे असावे लागतात.

घरी करायच्या प्रोजेक्टला मात्र मी गुण देणारच नाही, अशा मताचा आहे. तो कुणी केला हे सिद्ध करता येत नाही, आणि ज्या घरात प्रिंटर, पैसे आणि शिकलेले पालक आहेत त्या घराला ते गुण जातात. प्रोजेक्ट घरी करू द्या, गुण मात्र वर्गात त्याच विषयावर दहा मिनिटांत लिहिलेल्या किंवा सांगितलेल्या उत्तराला द्या.

एका शाळेच्या आत अंतर्गत गुण बरेच विश्वासार्ह करता येतात, दोन शाळांची तुलना करायची झाली की ते अडखळतात. २०२१ मध्ये साथीमुळे सीबीएसईने १०वीची परीक्षा रद्द केली, तेव्हा ८० पैकी १० गुण नियतकालिक चाचण्यांचे, ३० सहामाहीचे आणि ४० पूर्वपरीक्षेचे धरायला सांगितलं, आणि शाळेचे गुण तिच्या मागच्या वर्षांच्या निकालाशी बांधले. शिक्षकांवरच्या अविश्वासापेक्षा एका शाळेचे ७० आणि दुसरीचे ७० सारखे नसतात, ही अडचण त्यामागे होती. ९वीचे गुण शाळेबाहेर फारसे जात नाहीत, म्हणून तुम्हाला मोकळीक जास्त आहे.

आता ताण, कारण व्यवस्थापनाचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. वार्षिक परीक्षेचा ताण शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत साचतो हे खरं. तो वर्षभर पसरवला की कमी होतो, हे मात्र आपोआप होत नाही. सीबीएसईने २००९-१० पासून ९वी-१०वीला सीसीई, म्हणजे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, आणलं तेव्हा वर्षात चार आकारिक आणि दोन संकलित मूल्यमापनं होती. आकारिक प्रत्येकी १० टक्के, दोन्ही संकलित मिळून ६० टक्के. आकारिक मूल्यमापनाचा मूळ उपयोग मुलाला कुठे अडतंय ते कळणं हा. पण प्रत्येकाचे गुण अंतिम निकालात धरले की ती छोटी परीक्षाच होते. पाच विषय गुणिले चार, वर प्रोजेक्ट आणि सहामाही-वार्षिक, म्हणजे वर्षात तीसहून जास्त वेळा मुलाचा निकाल लागतो. जुलैत धडा नुकता शिकताना केलेली चूक मार्चच्या गुणपत्रिकेत राहते. चुकून पाहण्याची मोकळीकच संपली, तर ताण वाढेल. २०१७-१८ पासून मंडळ १०वीच्या सक्तीच्या बोर्ड परीक्षेकडे परतलं.

म्हणून गुण धरायचे प्रसंग आणि सरावाचे प्रसंग वेगळे ठेवा. दर आठवड्याला पाच प्रश्नांची दहा मिनिटांची चाचणी जरूर घ्या, आठवून लिहिण्याने धडा पक्का होतो, पण तिचे गुण कुठेही जमा करू नका. कॉपीवर आकड्याऐवजी एक ओळ लिहा: "एकक विसरलास", "कारण दिलं नाहीस, फक्त व्याख्या दिलीस". रूथ बटलर यांच्या १९८८ मधल्या अभ्यासात नुसती टिप्पणी मिळालेल्या मुलांची प्रगती झाली, आणि टिप्पणीसोबत गुणही दिल्यावर तो फायदा टिकला नाही. मूल आकडा पाहतं आणि ओळ वाचत नाही, हे कुठल्याही वर्गात दिसेल.

गुण धरायचे प्रसंग विज्ञानाला वर्षात पाच पुरेत: तीन चाचण्या, त्यातल्या चांगल्या दोन धरायच्या, आणि दोन प्रयोग. आजारी पडून एक चाचणी बुडाली तर मुलाला चांगल्या दोन निवडायचा फायदा मिळत नाही, म्हणून पुनर्चाचणीचा एक दिवस आधीच ठरवून ठेवा. सगळ्या विषयांचं मिळून एकच वेळापत्रक करा, आठवड्यात दोनपेक्षा जास्त गुणांचे प्रसंग नकोत. त्यात अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या मिरवणुकीचा दुसरा दिवस आणि रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीचा दिवस या तारखाही टिपून ठेवा. रात्रभर जागलेल्या मुलांची चाचणी घेऊन विज्ञान मोजलं जात नाही.

वार्षिक परीक्षेचा ताण कमी करायचा दुसरा मार्ग म्हणजे दुसरी संधी. सीबीएसईने १०वीसाठी २०२६ पासून दोन परीक्षांची सोय केली आहे. पहिली सक्तीची, दुसरी ऐच्छिक, तीन विषयांपर्यंत, आणि चांगले गुण धरायचे. ९वीतही नापास किंवा आजारी मुलांसाठी अशी फेरी ठेवता येते. भीती बहुतेकदा पेपरच्या ८० गुणांची नसते, तो पुन्हा देता येणार नाही याची असते. दुसरी संधी दिली तर गुणांच्या वाटणीला हात न लावताही ती बरीच उतरते.

बैठकीला मागच्या वर्षीच्या गुणांची ती एक्सेल शीट घेऊन जा. मुलांची नावं काढून टाका, पसरणीचे दोन आकडे दाखवा आणि कोरी कॉपी देणाऱ्याचं गणित फळ्यावर मांडा. आकड्यांपुढे दोन्ही तटांचा आवाज उतरतो. मग मागणी करा की यंदा ८०-२० तसंच राहील, पण २० गुण नव्या पद्धतीने दिले जातील, आणि त्यासाठी दोन प्रयोगांच्या आठवड्यांत मदतनीस मिळेल. वर्षअखेरीस अंतर्गतची पसरण अडीच-तीनपर्यंत गेली आणि दुसऱ्या तपासणीतले फरक गुणाभरात राहिले, तर पुढच्या वर्षी अंतर्गत ३० करण्याची चर्चा करावी, लेखीत किमान गुणांची अट ठेवून. १७ ते २० हेच पुन्हा आलं, तर भार वाढवायचा विषय घेऊ नये.